रक्ताची गुठळी, वॉरफरिन आणि नव्या गोळ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड, लातूर, धाराशिव, परभणी भागातल्या पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारलेले हे प्रश्न आहेत. इथली माहिती वाचून गोळीचा डोस स्वतः बदलू नका. पण डॉक्टर अमुकच गोळी का देतात आणि अमुकच तपासणी का सांगतात, हे इथून कळेल.

गुठळी होते म्हणजे रक्तात नेमकं काय होतं?

विळा लागून बोट कापलं की पहिल्या काही सेकंदांत प्लेटलेट कापलेल्या जागी चिकटतात. डेंग्यूमुळे प्लेटलेट आता सगळ्यांना माहीत आहेत. पण प्लेटलेटचा थर कच्चा असतो, धक्का लागला तर निघून येतो. त्याला पक्कं करायला फायब्रिन नावाच्या चिवट धाग्यांचं जाळं लागतं आणि ते जाळं तयार करण्यासाठी रक्तात प्रथिनांची एक साखळी असते. या प्रथिनांना घटक म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. एक घटक जागा झाला की तो पुढच्याला जागं करतो.

रक्तवाहिनीच्या भिंतीच्या बाहेरच्या पेशींवर टिश्यू फॅक्टर असतो. एरवी रक्ताची आणि त्याची गाठ पडत नाही. भिंत फाटली की पडते. तेव्हा रक्तातला सातवा घटक त्याला चिकटतो आणि दोघं मिळून दहाव्या घटकाला जागं करतात. जागा झालेला दहावा घटक पाचव्याला जोडीला घेऊन प्लेटलेटच्या पृष्ठभागावर बसतो आणि दुसऱ्या घटकाचं, म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचं, थ्रॉम्बिन करतो. हे थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे फायब्रिन धागे बनवतं.

थ्रॉम्बिन तेवढ्यावर थांबत नाही. ते मागे वळून पाचव्या, आठव्या आणि अकराव्या घटकाला चेतवतं, म्हणजे स्वतःचंच उत्पादन वाढवतं. सुरुवातीला चिमूटभर तयार झालेलं थ्रॉम्बिन अशा रीतीने थोड्याच वेळात प्रचंड वाढतं. पुढच्या सगळ्या उत्तरांसाठी दहावा घटक आणि थ्रॉम्बिन ही दोन नावं लक्षात ठेवा.

काहीच लागलेलं नसताना पायात गुठळी कशी होते?

पायाच्या खोल शिरांमध्ये रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पिळले जावे लागतात. मांडीला प्लास्टर घालून माणूस सहा आठवडे खाटेवर पडला की ते पिळणं बंद होतं. शिरांतल्या छोट्या पडद्यांमागे रक्त साचून राहतं, तिथे प्राणवायू कमी पडतो, शिरेचं अस्तर बिघडतं आणि साखळी सुरू होते. बाळंतपणानंतरचे आठवडे, कॅन्सर, मोठं ऑपरेशन यांत रक्त मुळातच गोठायला जास्त तयार असतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखतेय आणि गरम लागतेय, तर मालिश करू नका. त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. ती गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं.

हृदयाचे ठोके अनियमित झाले, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असलं, की डाव्या कप्प्याच्या एका कोपऱ्यात रक्त असंच साचतं. तिथली गुठळी सुटली तर ती मेंदूकडे जाऊन लकवा होऊ शकतो.

साचलेल्या रक्तातली गुठळी मुख्यतः फायब्रिनची असते, म्हणून साखळी अडवणाऱ्या गोळ्या तिच्यावर चालतात. हृदयविकाराच्या झटक्यातली गुठळी वेगाने वाहणाऱ्या धमनीत होते, तिच्यात प्लेटलेटचा वाटा मोठा असतो. तिथे ॲस्पिरिनसारखी गोळी देतात. घरात दोघांना "रक्त पातळ होण्याची गोळी" चालू असली तरी ती एकच गोळी असेल असं धरून चालू नका.

झालेली गुठळी साखळी अडवणाऱ्या गोळीने विरघळते का?

नाही. गोळी गुठळीची वाढ थांबवते आणि नवी होऊ देत नाही. झालेली गुठळी शरीर स्वतःच प्लाझ्मिन नावाच्या एन्झाइमच्या मदतीने हळूहळू कुरतडतं, त्याला आठवडे-महिने लागतात. पायातल्या गुठळीला किमान तीन महिने गोळी सांगतात ती याचमुळे. सूज उतरली म्हणून पंधराव्या दिवशी गोळी बंद करणारे बरेच भेटतात, आणि त्यातले काही पुन्हा सुजलेला पाय घेऊन येतात.

वॉरफरिन ही साखळी कुठे तोडतं?

वॉरफरिन ही साखळी अडवणारी जुनी गोळी, पण खरं सांगायचं तर रक्तात ती कुठेच काही तोडत नाही. त्याचं काम यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये चालतं.

दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक यकृतात तयार होतात. तयार झाल्यावर त्यांच्यावर एक शेवटचा रासायनिक हात फिरावा लागतो, तेव्हाच त्यांना कॅल्शियम धरता येतं आणि प्लेटलेटवर बसता येतं. त्या कामात व्हिटॅमिन के खर्च होतं. शरीर ते खर्च झालेलं व्हिटॅमिन पुन्हा ताजं करून वापरतं. वॉरफरिन हे ताजं करणारं एन्झाइम बंद पाडतं. मग यकृत घटक बनवत राहतं, पण ते अर्धवट असतात. रक्तात फिरतात, कामाला येत नाहीत.

रक्तात आधीपासून फिरणाऱ्या चांगल्या घटकांना मात्र वॉरफरिन हातही लावत नाही. ते आपापल्या वेळेने संपतील तेव्हा संपतील.

मग सुरुवातीला गोळी चालू असूनही पोटात सुया कशाला देतात?

प्रत्येक घटकाचं आयुष्य वेगळं असतं. सातवा घटक सुमारे सहा तासांत अर्ध्यावर येतो, पण प्रोथ्रॉम्बिनला अर्ध्यावर यायला अडीच-तीन दिवस लागतात. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिपोर्टमध्ये आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, वाढलेला दिसतो आणि घरच्यांना वाटतं, झालं काम. प्रत्यक्षात फक्त सातवा घटक घटलेला असतो. थ्रॉम्बिन बनवायला लागणारा कच्चा माल अजून भरपूर शिल्लक असतो.

त्यात आणखी एक अडचण आहे. गोठण्याला लगाम घालणारं प्रोटीन सी हेही व्हिटॅमिन केवरच बनतं आणि तेही झटकन घटतं. म्हणजे पहिल्या दोन-तीन दिवसांत लगाम सुटलेला असतो आणि प्रोथ्रॉम्बिन मात्र शाबूत. हेपारिनची सुई रक्तातल्या जाग्या झालेल्या दहाव्या घटकाला आणि थ्रॉम्बिनला लगेच आवरते. म्हणून पायातल्या गुठळीत वॉरफरिनसोबत सुई किमान पाच दिवस आणि आयएनआर दोनच्या वर चोवीस तास टिकेपर्यंत चालू ठेवतात. सुया वाचवायला तिसऱ्या दिवशी सुट्टी मागू नका.

आयएनआर म्हणजे काय? दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे का येतात?

तुमचं रक्त परीक्षानळीत गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात, त्याला पीटी म्हणतात. हे सेकंद लॅब कोणतं रसायन वापरते त्यावर बदलतात. तो फरक काढून टाकायला प्रत्येक रसायनाच्या डबीवर आयएसआय नावाचा एक आकडा छापलेला असतो. तुमचे सेकंद भागिले निरोगी माणसाचे सेकंद, आणि त्या उत्तराचा आयएसआयइतका घात, म्हणजे आयएनआर.

उदाहरण घ्या. तुमचा पीटी २४ सेकंद, निरोगी माणसाचा १२. गुणोत्तर आलं २. आयएसआय १ असेल तर आयएनआर २.०. आयएसआय १.२ असेल तर तोच २.३ होतो. नवी डबी उघडली आणि जुनाच आकडा मशीनमध्ये राहिला, तर रिपोर्ट चुकतो. त्यामुळे शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. आकडा अचानक विचित्र आला आणि खाण्यापिण्यात, औषधात काहीच बदललेलं नसेल, तर डोस हलवण्याआधी तपासणी पुन्हा करा.

बहुतेकांना आयएनआर २ ते ३ मध्ये हवा असतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये, म्हणजे मायट्रल जागी, बसवलेल्या धातूच्या झडपेला २.५ ते ३.५.

नव्या गोळ्या कुठे अडवतात?

या गोळ्यांचं काम यकृतात चालत नाही, त्या थेट रक्तातल्या घटकाला पकडतात. रिव्हारोक्साबॅन आणि ॲपिक्साबॅन जाग्या झालेल्या दहाव्या घटकाच्या कामाच्या खाचेत जाऊन बसतात. डाबिगाट्रान थ्रॉम्बिनच्या खाचेत बसतं. डॉक्टर या सगळ्यांना मिळून डोॲक म्हणतात.

या एका फरकातून बाकी सगळं येतं. जुने घटक संपायची वाट पाहावी लागत नाही, म्हणून असर दोन-चार तासांत सुरू होतो. व्हिटॅमिन केशी संबंध नाही, म्हणून पालेभाजीचं पथ्य नाही. डोस ठरलेला असतो, दर महिन्याला आयएनआर लागत नाही, आणि केला तरी त्यातून डोसबद्दल काही कळत नाही. पायाच्या गुठळीत ॲपिक्साबॅनने सुरुवात केली तर सुयाही लागत नाहीत. पहिले सात दिवस १० मिलिग्रॅम दोनदा आणि मग ५ मिलिग्रॅम दोनदा. भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्यापासून किंमतही बरीच उतरली आहे.

पण हाच वेग उलटाही लागू होतो. बारा तासांच्या आसपास निम्मं औषध शरीरातून गेलेलं असतं. वॉरफरिनची एक गोळी चुकली तर आदल्या दिवसांचा असर पुरतो. नव्या गोळीचे दोन डोस चुकले की संरक्षण जवळपास संपतं. गोळ्या नेमाने न घेणाऱ्याला नवी गोळी जास्त सुरक्षित आहे, असं मला वाटत नाही.

शेजारच्यांना नवी गोळी मिळाली. माझी धातूची झडप आहे, मला का नाही?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

धातूच्या झडपेचा पृष्ठभाग परका असतो. रक्त त्याला टेकलं की साखळी दुसऱ्याच टोकाकडून सुरू होते. बारावा घटक अकराव्याला, अकरावा नवव्याला आणि नववा दहाव्याला जागं करतो. झडप कायम तिथेच असते, त्यामुळे ही चेतवणी थांबत नाही. तिथे त्या जागेपुरता दहावा घटक आणि थ्रॉम्बिन एवढ्या प्रमाणात तयार होतात की रक्तातलं नेहमीच्या डोसचं औषध त्यांना पुरत नाही. डाबिगाट्रानचा एक रेणू थ्रॉम्बिनच्या एकाच रेणूला धरू शकतो. थ्रॉम्बिन जास्त झालं की उरलेलं मोकळं राहतं.

वॉरफरिन नववा, दहावा आणि दुसरा या तिघांचाही पुरवठा एकदमच घटवतं. जायकवाडीच्या कालव्यावर एका चारीचं दार बंद करणं आणि धरणातली पातळीच खाली आणणं, यात जो फरक आहे तोच इथे आहे. लोंढा मोठा असेल तर एक दार पुरत नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. धातूच्या झडपेच्या पेशंटना डाबिगाट्रान देऊन पाहिलं गेलं. त्यांच्यात लकवाही जास्त झाला आणि रक्तस्रावही, म्हणून तो अभ्यास अर्ध्यावर थांबवावा लागला. निकाल २०१३ मध्ये छापून आले. डोस वाढवला तर रक्तस्राव आणि कमी ठेवला तर गुठळी, अशी कोंडी झाली होती.

लहानपणीच्या सांधेतापाने मायट्रल झडप आकसलेली आणि ठोके अनियमित, अशांनाही वॉरफरिन किंवा त्याच्या गटातली गोळीच देतात. आपल्याकडे असे पेशंट अजूनही बरेच आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा पेशंटमध्ये रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या गटाच्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. तेव्हा जुनी गोळी चालू आहे म्हणजे डॉक्टर जुनाट आहेत, असा अर्थ काढू नका.

ऊसतोडीला गेलेल्या पेशंटचा आयएनआर कसा बिघडतो?

अनेक पेशंटवरून बांधलेली एक केस सांगतो. बीड जिल्ह्यातली अडतीस वर्षांची बाई. मायट्रल जागी धातूची झडप. वॉरफरिन ५ मिलिग्रॅमवर आयएनआर ३.१, महिनोन्‌महिने स्थिर. दिवाळीनंतर टोळीसोबत कारखान्यावर गेली. कोपीत राहून जुलाब लागले. जवळच्या दवाखान्यात मेट्रोनिडॅझोल मिळालं, अंगदुखीसाठी कमरेत डायक्लोफेनॅकची सुई दिली. चार दिवस नुसत्या पातळ भातावर काढले. पाचव्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, आणि सुईच्या जागी तळहाताएवढा निळा-काळा डाग आला. आयएनआर ७.८.

यात तीन गोष्टी एकावर एक चढल्या. मेट्रोनिडॅझोलने यकृतातलं वॉरफरिन मोडणारं एन्झाइम मंद केलं, म्हणजे रोजच्या ५ मिलिग्रॅमचा असर त्याहून मोठ्या डोसाएवढा झाला. जेवण तुटल्याने व्हिटॅमिन के आलंच नाही. डायक्लोफेनॅकने प्लेटलेट दुबळ्या केल्या आणि सुईने स्नायूत जखम केली. यातली एकच गोष्ट झाली असती तर बहुधा निभावलं असतं.

उपचार करताना दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. वॉरफरिन थांबवलं, तोंडाने थोडंसं व्हिटॅमिन के दिलं, दुसऱ्या दिवशी आयएनआर पुन्हा पाहिला. घाबरून व्हिटॅमिन केचा मोठा डोस दिला असता तर आयएनआर १.२ वर आला असता आणि पुढे कित्येक दिवस वॉरफरिन लागूच पडलं नसतं. तेवढ्यात झडपेवर गुठळी धरू शकते. मोठा रक्तस्राव असता, डोक्यात किंवा पोटात, तर हिशोब वेगळा. मग शिरेतून व्हिटॅमिन के आणि तयार घटकांचं औषध किंवा प्लाझ्मा, आणि तेही मोठ्या दवाखान्यात.

टोळीबरोबर जाण्याआधी कारखान्याजवळ आयएनआर कुठे होतो ते मुकादमाला विचारून ठेवा. आयएनआरची वही सोबत न्या आणि दवाखान्यात पायरी चढतानाच सांगा, "झडपेची गोळी चालू आहे, कमरेत सुई देऊ नका." दुखण्याला पॅरासिटामॉल चालतं, पण तेही रोजच्या रोज आठवडाभर पूर्ण डोसमध्ये घेतलं तर आयएनआर चढतो.

टीबीचं रिफाम्पिसिन याच्या नेमकं उलट करतं. ते औषध मोडणारी एन्झाइमं वाढवतं, त्यामुळे वॉरफरिनचा डोस खूप वाढवावा लागतो आणि नव्या गोळ्यांचाही असर घटतो. टीबीचा कोर्स सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळी कळवा.

येळवशीला भज्जी खाल्ली तर चालेल का?

खा. शेतात बसून भज्जी-आंबील न खाता येळवस करायला कोणी सांगणार नाही. एका जेवणाने आयएनआर फारसा हलत नाही.

बिघडतो तो महिन्याच्या खाण्याने. हिवाळ्यात मेथी, शेपू, करडई, पालक रोज ताटात असतात. यांच्यात व्हिटॅमिन के भरपूर, त्यामुळे आयएनआर खाली सरकतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. मग एप्रिल-मे येतो, भाजी महाग होते, ताटात पिठलं आणि डाळ उरते. वाढवलेला डोस तसाच राहतो आणि आयएनआर वर जातो. भाजी बंद करू नका, बारा महिने साधारण सारखी ठेवा, आणि ऋतू पालटताना एक तपासणी जास्त करा. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करणार असाल तर आधी सांगा.

गोळीने अंगातलं रक्त कमी होतं का?

नाही. रक्त गोठायला वेळ लागतो, एवढंच. हिमोग्लोबिन उतरत असेल तर कुठूनतरी रक्त जातंय असं समजून शौच काळी होतेय का ते आधी पाहा.

वॉरफरिन हे उंदराचं औषध आहे हे खरं का?

हो. अमेरिकेत सडलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत, त्या शोधातून विस्कॉन्सिन विद्यापीठात हा औषधगट सापडला. १९४८ मध्ये वॉरफरिन उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ पासून माणसांसाठी. फरक डोसाचा आहे. आज दुकानात मिळणारं ब्रोमॅडिओलोन त्याचंच दणकट भावंड आहे आणि शरीरात आठवडे-महिने राहतं. लेकराने ते खाल्लं तर दोन दिवस काहीच दिसत नाही. ते का, हे वर आलंच आहे, जुने घटक अजून संपलेले नसतात. वाट न पाहता दवाखान्यात न्या.

ॲसिनोकुमरॉल मिळालं नाही तर तेवढंच वॉरफरिन घेऊ का?

नको. ॲसिनोकुमरॉल वॉरफरिनच्याच गटातलं, काम एकच, पण ताकद वेगळी. वॉरफरिनचे मिलिग्रॅम साधारण दुप्पट लागतात, आणि बदलल्यावर आयएनआर पुन्हा बसवावा लागतो. दुकानदाराने "तीच आहे" म्हटलं तरी पाकिटावरचं नाव वाचा.

किडनीचा त्रास असेल तर?

डाबिगाट्रानचा सुमारे ८० टक्के भाग किडनीतून जातो, ॲपिक्साबॅनचा साधारण पाव. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सत्तरीतला माणूस रानात राबला, पाणी कमी पडलं, जुलाब झाले, की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढतं आणि डाबिगाट्रान साठत जातं. म्हाताऱ्या माणसाला ही गोळी चालू असेल तर मार्चमध्येच क्रिएटिनिन करून घ्या.

मूल हवं असेल तर?

पाळी चुकायच्या आधी बोला. वॉरफरिन वारेतून बाळापर्यंत जातं आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात व्यंग होण्याचा धोका असतो. नव्या गोळ्याही गरोदरपणात देत नाहीत. पण धातूच्या झडपेची गोळी घाबरून स्वतः बंद करणं आईच्या जीवावर येतं. हृदयाचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर मिळून योजना ठरवतात.

गोळी घ्यायची राहिली तर?

वॉरफरिन त्याच दिवशी आठवलं तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर राहिलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका आणि वहीत लिहून ठेवा. दिवसातून एकदाच्या रिव्हारोक्साबॅनलाही हाच नियम, आणि २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्या, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. डाबिगाट्रान दोनदा असतं. पुढच्या वेळेला सहा तासांहून कमी उरले असतील तर राहिलेली गोळी सोडा. तिची कॅप्सूल फोडून किंवा पाण्यात कालवून देऊ नका, औषध जास्त शोषलं जातं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. गिळता येत नसेल तर सांगा, ॲपिक्साबॅन कुटून पाण्यातून देता येतं.